२१४ सायकल, बॅटरी ६७ टक्क्यांवर. बदलू का अजून वर्षभर ढकलू?

सई_नागपूर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, इथे लॅपटॉपवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. माझा लॅपटॉप ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेला. कॉलेजात शिकवते, घरी असताना तो दिवसभर चार्जरला लावलेलाच असतो आणि त्यामुळे मला वाटायचं बॅटरी वापरलीच जात नाहीये तर ती नवीच्या नवी राहील. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या लेक्चरच्या मधेच १८ टक्के दाखवत असताना पटकन बंद पडला, पोरं हसली. मग भावाने सांगितलं तशी ही कमांड चालवली:

```
powercfg /batteryreport
```

त्यात हे आलं:

```
DESIGN CAPACITY       50,000 mWh
FULL CHARGE CAPACITY  33,500 mWh
CYCLE COUNT           214
```

म्हणजे ६७ टक्के उरली. सगळीकडे वाचते की लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकल जाते, मग माझी २१४ लाच काहून गेली? डिफेक्टिव्ह पीस होता का? सर्व्हिस सेंटरवाला ६,८०० सांगतोय, बाजारात ३,२०० ला मिळतेय. बदलू का अजून एक वर्ष ढकलू?

---

मोहनकाका_विरार | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, चार वर्षं म्हणजे चांगलीच गेली की. माझी ट्युब्युलर पाच वर्षं गेली पण दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर टाकायचो, तुम्ही पाणी बघता का? लेव्हल खाली गेली की प्लेटा उघड्या पडतात आणि मग बॅकअप असाच अर्ध्यावर येतो.

---

सई_नागपूर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:११

काका लॅपटॉप आहे हो, इन्व्हर्टर नाही 😄

---

जुनाजाणता | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

डिफेक्टिव्ह वगैरे काही नाही, चूक वापरात आहे. बॅटरी सतत चार्जरला लावून ठेवली की आळशी होते. महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणायची, बंद पडू द्यायची, मग सलग १०० पर्यंत चार्ज. मी २००४ पासून प्रत्येक लॅपटॉपला हेच करतोय. दोन-तीन वेळा केलंत की ६७ चे ७५-८० होतील बघा.

---

सेलवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ११:२०

सईताई, पॅक टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आता दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी सायकल म्हणजे काय ते. चार्जर किती वेळा लावला याची ती मोजणी नाही. आज ४० टक्के वापरली, परवा ६० टक्के वापरली, की मिळून एक सायकल झाली. तुमच्या चार वर्षांत २१४, म्हणजे आठवड्याला एकच. बॅटरी खरंच कमी वापरलीत, तुमचं बरोबर आहे.

पण ३०० किंवा ५०० चा आकडा येतो कुठून? लॅबमध्ये पंचवीस डिग्रीच्या आसपास सेल ठेवतात, ठराविक करंटने चार्ज-डिस्चार्ज एकामागून एक चालवतात आणि ८० टक्क्यांवर येईपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते लिहितात. हे सगळं काही महिन्यांत उरकतं. सेल चार वर्षं टेबलावर पडून राहिला तर काय होईल हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नसतो. बॅटरी दोन वाटांनी म्हातारी होते, एक वापराने आणि एक नुसत्या दिवसांनी. सायकलचा आकडा फक्त पहिली वाट सांगतो.

दुसरी वाट कशाने वेगात जाते तर दोन गोष्टींनी: सेल पूर्ण भरलेला असणं आणि गरम असणं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार बसतो ना, तसा आत इलेक्ट्रोडवर एक थर चढत जातो. त्या थरात लिथियम अडकतं ते परत कामाला येत नाही, म्हणजे क्षमता घटते. आणि थर जाड झाला की करंटला अडथळा वाढतो. १०० टक्क्यांवर व्होल्टेज चढलेलं असतं तेव्हा ही क्रिया जोरात चालते आणि उष्णता तिला अजून पळवते. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या साइटवर एक जुना तक्ता आहे, नुसत्या ठेवून दिलेल्या सेलचा: एक वर्ष २५ डिग्रीला पूर्ण भरून ठेवला तर साधारण ८० टक्के उरतो, ४० डिग्रीला पूर्ण भरून ठेवला तर ६५. आणि त्याच ४० डिग्रीला ४० टक्केच भरून ठेवला तर ८५. आजचे सेल याहून सुधारलेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका, पण दिशा तीच.

तुम्ही नागपूरच्या, त्यात दिवसभर चार्जर. उन्हाळ्यात खोलीत किती असतं?

---

सई_नागपूर | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

बाप्पा! कूलर चालू असला तरी मे मध्ये दुपारी खोलीत ३५-३६ असतं, आणि लॅपटॉप गादीवर उशीवर कुठेही. खालचा भाग हात लावू नये इतका तापतो.

---

सेलवाला | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

मग सेल ४५ च्या पुढे जात असणार. एक करा, त्याच रिपोर्टमध्ये खाली Battery capacity history आहे. तिथे तारखांसमोर FULL CHARGE CAPACITY दिलेली असते, ती इथे टाका. अगदी सगळी नको, उन्हाळ्याच्या आधीची आणि नंतरची.

---

निखिल_ठाणे | १० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

सेलवाला म्हणतायत त्याचा मी जिवंत पुरावा. गेल्या वर्षी सेकंडहँड मॅकबुक घेतला, २०२० चा, सायकल फक्त ६१. म्हटलं लॉटरीच लागली, जवळजवळ नवीन. मॅकची बॅटरी १००० सायकलची म्हणतात, तर ६१ म्हणजे काहीच नाही ना. घेताना Maximum Capacity ८८ होती ती बघून सोडून दिली, सायकलवरच खूश होतो. सहा महिन्यांत Service Recommended आलं. आधीच्या मालकाने चार वर्षं मोठ्या मॉनिटरला जोडून झाकण बंद करून वापरला होता, म्हणजे कायम चार्जरला आणि कायम गरम. आता कोणी मला कमी सायकल दाखवली की मी आधी विचारतो बाबा हा ठेवला कसा होता.

---

जुनाजाणता | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०२

थिअरी सगळी ठीक आहे, पण माझा अनुभव आहे की पूर्ण ड्रेन केल्यावर टक्के वाढतात. स्वतः बघितलंय.

---

सेलवाला | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

जुनाजाणता साहेब, तुम्ही बघितलंत ते खरं आहे, कारण वेगळं आहे. पॅकच्या आत एक छोटा चिप किती करंट गेला-आला त्याचा हिशोब ठेवतो आणि त्यावरून पूर्ण क्षमतेचा अंदाज बांधतो. महिनोन्महिने ९५ ते १०० मध्येच घुटमळलं की त्याचा हिशोब चुकत जातो. एकदा १०० करून तास-दोन तास तसंच ठेवलं, मग ५ टक्क्यांपर्यंत उतरवलं आणि सलग परत भरलं की तो अंदाज दुरुस्त होतो. आकडा कधी वाढतो, कधी उलट कमीच होतो. हिशोब सुधारला, सेल नाही सुधारला. बंद पडेपर्यंत उतरवायची आणि दर महिन्याला करायची सवय निकेल बॅटरीच्या काळातली, लिथियमला त्यात फायदा नाही, खोल डिस्चार्जने थोडी झीजच होते. वर्षातून दोनदा, शंका आली तर, बास.

---

सई_नागपूर | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

हे घ्या. २०२१-२२ चं सापडत नाहीये, विंडोज परत टाकलं होतं.

```
2023-03   44,900
2023-06   42,600
2024-02   41,500
2024-06   38,800
2025-02   37,900
2025-06   34,600
now       33,500
```

---

सेलवाला | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

इतकं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं. मार्च २३ पासून आजपर्यंत ११,४०० गेले. त्यातले तीन उन्हाळ्यांत २,३०० अधिक २,७०० अधिक ३,३००, म्हणजे ८,३०० गेले. ते सगळे मिळून अकरा महिने. उरलेल्या एकवीस महिन्यांत फक्त ३,१००. तुम्ही लेक्चरं उन्हाळ्यात जास्त घेत नसणार, उलट कमीच. म्हणजे सायकलने नाही, तापण्याने गेली.

वरवरचा ताळा असा: तुमची बॅटरी समजा ३०० सायकलला ८० टक्के अशा रेटिंगची धरली, तर २१४ सायकलची वाटणी साधारण १४ टक्के. गेली ३३. बाकीचे १९ चार उन्हाळे आणि सततचे १०० टक्के यांच्या नावावर. झीज अशी सरळ रेषेत होत नाही, दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात, तेव्हा हे १४ आणि १९ दगडावरची रेघ समजू नका. पण डिफेक्टिव्ह पीस नव्हता एवढं नक्की म्हणता येईल.

---

फ्रँकफुर्टचा_सदाशिवपेठी | ११ नोव्हेंबर, पहाटे २:१०

इकडे जून २०२५ पासून नवीन फोन आणि टॅबलेटच्या खोक्यावर लेबल लागतं, त्यात बॅटरी किती सायकलनंतर ८० टक्क्यांवर येते तेही छापलेलं असतं. किमान ८०० सायकलला ८० टक्के टिकलीच पाहिजे असा नियमच केलाय. लॅपटॉपला अजून नाही. पण सेलवाला यांचं वाचून आता वाटतंय की हे लेबल पुण्यातल्या आमच्या बाबांच्या फोनला कितपत लागू पडेल? ते गाडीत डॅशबोर्डवर फोन ठेवून वरून चार्जिंगला लावतात, एप्रिलमध्ये.

---

सेलवाला | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:००

लेबल दोन फोन शेजारी ठेवून तुलना करायला उत्तम, कारण दोघांची परीक्षा सारखी. ८०० वाला आणि १४०० वाला यात फरक खरा असतो. पण ८०० भागिले रोज एक म्हणजे सव्वादोन वर्षं असं कॅलेंडर त्यातून काढू नका. अॅपलचंच बघा, आयफोन १४ पर्यंत ५०० सायकलला ८० सांगायचे आणि १५ पासून १००० सांगतात, पण सोबत आदर्श परिस्थितीत असं लिहितात. डॅशबोर्डवर आदर्श परिस्थिती नसते. बाबांना सांगा एसीच्या जाळीसमोर होल्डर लावा.

---

ऋतुजा_एम | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

मला एक कळत नाही, सगळे ८० टक्के ८० टक्के करतात, मग ७९ झाली की संपली का? माझा फोन ७६ वर आहे आणि मला काहीच त्रास नाही, संध्याकाळी एकदा चार्ज करते.

---

सेलवाला | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

नाही हो, ८० ही मोजायची खूण आहे, त्या दिवशी काही तुटत नाही. तुमचा दिवस निघतोय ना, मग बदलू नका.

खरं बघायचं ते दुसरंच. मघाशी म्हटलं तो अडथळा. क्षमता म्हणजे टाकीत पाणी किती आणि अडथळा म्हणजे नळ किती तुंबलाय. नळ तुंबला की टाकीत पाणी असूनही धार येत नाही. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला, प्रोसेसरने एकदम जास्त पॉवर मागितली, व्होल्टेज खाली कोसळलं आणि मशीन बंद. टक्के मात्र १८ दाखवतायत. सईताईंचं तेच झालंय, आणि माझ्या मते बदलायचं खरं कारण हेच आहे, ६७ चा आकडा नाही.

ओळखायचं कसं: बंद पडतो तो टक्का लिहून ठेवा. आधी ५ ला पडायचा, मग १०, मग १८, असा वर सरकत असेल तर उतरण सुरू झाली. ही उतरण कधी लागेल ते रिपोर्ट सांगत नाही. काही पॅक ६५ वर दोन वर्षं शांत चालतात, काही ७५ वरून चार महिन्यांत आडवे होतात.

---

सई_नागपूर | ११ नोव्हेंबर, दुपारी २:००

मागच्या दिवाळीच्या आसपास ८-१० ला बंद पडायचा, आता १८. मग माझं गणित सांगा ना. मला सलग तीन तास हवेत, दोन लेक्चरं आणि मधला वेळ, वर्गातला प्लग नेहमी मिळत नाही.

---

सेलवाला | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

३३,५०० म्हणजे ३३.५ वॉट-तास. त्यातले १८ टक्के, साधारण ६, हाती लागतच नाहीत. उरले २७.५. स्लाइड आणि ब्राउझर चालू असताना तुमचा लॅपटॉप ८ वॉटच्या आसपास खात असेल तर साडेतीन तासांना थोडे कमी, म्हणजे जेमतेम जमेल. पण प्रोजेक्टर जोडला, ब्राइटनेस फुल, व्हिडिओ लावला की १४ वॉट, मग दोन तासांत खेळ संपला. नवी ५० ची बॅटरी त्याच १४ वॉटला साडेतीन तास देईल. तुमची गरज मधे पडते, म्हणून बदला. कोणी चार्जरवरच काम करत असेल, फक्त लाइट गेल्यावर अर्धा तास हवा असेल, तर हीच बॅटरी अजून वर्षभर चालवा म्हटलं असतं.

पैशाचं म्हणाल तर लॅपटॉप अजून किती वर्षं ठेवणार त्यावर. तीन वर्षं ठेवणार असाल तर ६,८०० म्हणजे वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास.

---

पक्या_७वी_जनरेशन | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

माझा २०१७ चा सातव्या जनरेशनचा, विंडोज ११ अधिकृतपणे जात नाही आणि १० चा सपोर्ट गेल्या महिन्यात संपला. बॅटरी ५१ टक्के. मी काय करू?

---

सेलवाला | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

लिनक्स टाकून वापरणार असाल तर स्वस्त बॅटरी टाका. नाहीतर चार्जरवर चालवा आणि पैसे पुढच्या लॅपटॉपला ठेवा. मात्र चार्जरवर चालवताना फुगली नाहीये ना ते बघत राहा. टचपॅडचं क्लिक जड झालं, खालचं कव्हर कडेने उचललंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, यातलं काहीही दिसलं तर टक्के किती, सायकल किती हा प्रश्नच उरत नाही. चार्जिंग बंद, बॅटरी बाहेर, दाबायची टोचायची नाही, ई-कचरावाल्याकडे.

---

निखिल_ठाणे | ११ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सईताई ३,२०० वालीचं सांगतो. मॅक नाही, बायकोच्या लॅपटॉपला मागवली होती ऑनलाइन, कुठून ते सोडा. लावली, रिपोर्ट काढला, FULL CHARGE आणि DESIGN दोन्ही तंतोतंत सारखे, सायकल ०. आनंद. चार महिन्यांनी परत रिपोर्ट काढला तर अजून तोच आकडा, सायकल अजून ०! आणि लॅपटॉप मात्र दीड तासात बंद.

---

सेलवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९:००

त्या पॅकच्या चिपमध्ये आकडे लिहूनच ठेवलेले असतात, मोजणी होतच नाही. म्हणजे रिपोर्टही तेवढाच खरा जेवढा आतला चिप. काही चांगल्या लॅपटॉपमध्येही सायकलच्या जागी नुसती रेघ येते, तेव्हा नुसतं त्यावरून खोटी म्हणू नका. पहिल्या आठवड्यात साधी परीक्षा घ्या: ब्राइटनेस अर्धा, वायफाय बंद, एकच व्हिडिओ पुन्हापुन्हा, १०० पासून बंद पडेपर्यंत किती वेळ ते घड्याळाने. तीन महिन्यांनी तीच परीक्षा परत.

आणि दुसरं, लेबलवर बनल्याचा महिना बघा. सर्व्हिस सेंटरमधून ओरिजिनल घेतली तरी ती गोडाऊनमध्ये दोन वर्षं पडलेली असू शकते, आणि गोडाऊनमध्ये एसी नसतो.

---

सई_नागपूर | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

अपडेट. सर्व्हिस सेंटरचीच घेतली, ६,८०० अधिक बसवायचे ३५०. तारीख बघायला मागितली तर तो म्हणाला मॅडम असं कोणी विचारत नाही, पण दाखवली, फेब्रुवारी २०२५ ची. आजचा रिपोर्ट:

```
DESIGN CAPACITY       50,000 mWh
FULL CHARGE CAPACITY  49,100 mWh
CYCLE COUNT           2
```

हिस्टरीत जुन्या बॅटरीचे आकडेही तसेच राहिलेत, एकदम ३३ वरून ४९ ची उडी दिसते, मजा वाटली. काल तीन तास दहा मिनिटं प्रोजेक्टरसकट चालला आणि २१ टक्के शिल्लक. लॅपटॉपच्या अॅपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं सेटिंग सापडलं, चार वर्षं ते तिथेच होतं!! लावून टाकलं. जायच्या आदल्या रात्री १०० करेन.

---

जुनाजाणता | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

८० लावलं म्हणजे नव्या बॅटरीची २० टक्के आजच फुकट घालवली की. झीज होऊन ८० वर यायला दोन-तीन वर्षं लागली असती, तुम्ही पहिल्या दिवशीच आणलीत.

---

सेलवाला | २२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. ज्याला रोज पूर्ण बॅटरी लागते त्याने मर्यादा लावू नये, वापरायला घेतली आहे, जपून ठेवायला नाही. पण सईताईंचा लॅपटॉप आठवड्यातले पाच दिवस चार्जरला असतो, त्यांचे ते २० टक्के तसेही वापरात नव्हते. मी तर मे मध्ये ६० म्हणेन, ज्यांच्या लॅपटॉपला ती सोय आहे त्यांना. आणि उशीवर ठेवणं बंद.

---

ऋतुजा_एम | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

६० आणि ८० मध्ये फरक पडतो का पण एवढा? माझ्या दिराने ६० लावलेलं, त्याचीही तीन वर्षांत ७८ वर आली.

---

सेलवाला | २२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

त्याचा लॅपटॉप कुठे असतो, किती तापतो, हे कळल्याशिवाय सांगता यायचं नाही. गेमिंगचा असेल तर ६० लावूनही आतून भाजतोच. रिपोर्ट टाकायला सांगा.

---

मोहनकाका_विरार | २३ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

सेलवाला भाऊ, सगळं वाचलं. आमचा इन्व्हर्टर गॅलरीत पत्र्याच्या खाली आहे, दुपारभर ऊन. म्हणजे पाणी टाकूनही उपयोग नाही का? ट्युब्युलरलाही हा उष्णतेचा हिशोब लागतो?

---

सेलवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

लागतो काका, आत रसायन वेगळं पण उन्हात तीही लवकर जाते, आणि पाणीही जास्त पिते. पाणी टाकत राहा आणि आधी ती गॅलरीतून आत घ्या, हवा खेळेल अशा कोपऱ्यात. बाकीचं वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.